फोटोतल्या पाकळीचं किंवा हृदयाचं क्षेत्रफळ: ध्रुवीय वक्राच्या लिमिट्स कशा निवडायच्या

वहीतल्या आकृतीचा फोटो समोर येतो. तीन पाकळ्यांचं फूल, त्यातल्या एका पाकळीत पेन्सिलने रेघोट्या मारलेल्या, आणि शेजारी प्रश्न: या भागाचं क्षेत्रफळ काढा. सूत्र बहुतेकांना पाठ असतं.

```
A = (1/2) ∫ r² dθ      (θ = α पासून θ = β पर्यंत)
```

गाडी अडते ती α आणि β वर. सवयीने 0 ते 2π लिहिलं जातं, बाकीची आकडेमोड अगदी बरोबर होते आणि उत्तर दुप्पट, सहापट किंवा चक्क ऋण येतं. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना इंटिग्रेशनच्या चुकांपेक्षा लिमिट्सच्याच चुका मला जास्त सापडतात. म्हणून हा लेख जवळजवळ पूर्णपणे लिमिट्सबद्दल आहे.

सूत्राचा अर्थ आधी डोळ्यांसमोर आणा. आपण आकृतीचे उभे पट्टे पाडत नाही, ध्रुवापासून निघणारे बारीक त्रिकोणी काप पाडतो. एका कापाचं क्षेत्रफळ (1/2) r² dθ. त्यामुळे लिमिट्स म्हणजे आकृतीची डावी-उजवी कड नव्हे. ध्रुवावर उभं राहून स्वतःभोवती वळत गेलात, तर कोणत्या दिशेपासून कोणत्या दिशेपर्यंत ती आकृती तुमच्या समोर असेल, हा खरा प्रश्न आहे. ध्रुव आकृतीच्या आत असेल तर पूर्ण फेरी, म्हणजे 2π. ध्रुव पाकळीच्या देठाशी असेल तर देठापाशी जेवढा कोन उघडलेला दिसतो तेवढाच. पुढचं सगळं या एका प्रश्नावर उभं आहे. एका ठिकाणी मात्र तो प्रश्न फसवतो, ते शेवटाकडे सांगतो.

फोटो आधी नीट वाचा

फोटोत पहिल्यांदा ध्रुव शोधा आणि त्यावर ठिपका द्या. फुलाच्या बाबतीत सगळ्या पाकळ्या जिथे एकत्र येतात तो बिंदू. हृदयाच्या बाबतीत बहुतेक वेळा वरची खाच. मग शून्य अंशाची दिशा. काढणाऱ्याने आखलेला आडवा अक्ष ज्या बाजूला जातो तीच दिशा घ्यायची, फोटोची कड नाही. मोबाइल दहा अंश तिरका धरलेला असेल, तर फोटोच्या कडेवरून मोजलेला प्रत्येक कोन दहा अंशांनी चुकेल.

प्रश्न फक्त क्षेत्रफळाचा असेल आणि समीकरण दिलेलं नसेल, तर हा तिरकेपणा निरुपद्रवी आहे. आकृती ध्रुवाभोवती फिरवली की दोन्ही लिमिट्स सारख्याच सरकतात, क्षेत्रफळ तेच राहतं. अशा वेळी पाकळी सरळ आडव्या अक्षावर येईल असा फोटो फिरवून घ्या, गणित सोपं होतं. समीकरण दिलेलं असेल तर मात्र फिरवायचं नाही, कारण लिमिट्स त्या समीकरणाशी जुळल्या पाहिजेत.

खरा धोका असतो फोटो कोपऱ्यातून घेतलेला असेल तर. मग वर्तुळ लंबगोल होतं आणि कोन खोटे दिसतात. ओळखायला सोपी खूण आहे: ध्रुवापासून प्रत्येक पाकळीच्या टोकापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. ती सारखी नसतील, तर एक तर आकृती वाकडी काढलेली आहे किंवा फोटो तिरका आहे. आलेख-कागद असेल तर त्याचे चौकोन चौकोनच दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर मोबाइलच्या स्कॅन सुविधेने कागद सपाट करून घ्या, किंवा सरळ वरून दुसरा फोटो घ्या.

आणखी एक बारीक गोष्ट. हाताने लिहिलेला θ फोटोत 0 सारखा दिसतो. r = 4 cos 3θ हे r = 4 cos 30 असं वाचलं, तर उजवी बाजू ठरावीक संख्या होते आणि वक्र वर्तुळ होतो. समोर पाकळ्या दिसत असताना समीकरण वर्तुळाचं निघालं, तर तो 0 नसून θ आहे हे नक्की समजा.

पाकळी: देठाचा कोन म्हणजेच लिमिट्स

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. फोटोत तीन पाकळ्या आहेत. एक पाकळी बरोबर उजवीकडे, आडव्या अक्षावर आडवी पडलेली, तिचं टोक ४ वर. बाकीच्या दोन १२०° आणि २४०° च्या दिशांना. उजवीकडच्या पाकळीचं क्षेत्रफळ हवं आहे.

अशा फुलाचं समीकरण r = a cos nθ किंवा r = a sin nθ असतं. टोक ४ वर, म्हणून a = 4. पाकळ्या तीन, म्हणजे विषम, म्हणून n = 3. टोक शून्य अंशाच्या दिशेला आहे, म्हणून sin नव्हे तर cos. समीकरण r = 4 cos 3θ. (पाकळ्या सम असत्या, उदाहरणार्थ चार, तर n त्यांच्या निम्मा, म्हणजे 2 घ्यावा लागला असता.)

पाकळी ध्रुवातून सुरू होते आणि ध्रुवातच परत येते. म्हणून तिच्या दोन लिमिट्स म्हणजे r = 0 होणारे, टोकाच्या दोन्ही बाजूंचे सर्वांत जवळचे दोन कोन.

```
4 cos 3θ = 0
3θ = -π/2  किंवा  3θ = π/2
θ = -π/6   किंवा  θ = π/6
```

हेच कोन फोटोतही दिसतात. r = 0 होतो त्या कोनाची दिशा ही वक्राची ध्रुवापाशी असलेली स्पर्शिका असते. देठापाशी पाकळीच्या वरच्या कडेला पट्टी लावली, तर ती आडव्या अक्षाशी ३०° चा कोन करते, खालच्या कडेला लावली तर उणे ३०°. देठ ६०° उघडलेला आहे. हाताने काढलेल्या आकृतीत देठापाशी शाईचा गोळा झालेला असतो आणि पट्टी नीट बसत नाही. म्हणून मी स्वतः टोकावर भरवसा ठेवतो. टोकाची दिशा नक्की करायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना π/(2n) इतकं सरकायचं. तीन पाकळ्यांना ३०°, चार पाकळ्यांना n = 2 म्हणून ४५°. देठाचा कोन फक्त पडताळ्यासाठी.

आता इंटिग्रेशन. वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग सारखाच आहे, म्हणून 0 ते π/6 काढून दुप्पट करू. बाहेरचा २ आणि सूत्रातला अर्धा एकमेकांना खातात.

```
A = 2 · (1/2) ∫ 16 cos² 3θ dθ       (0 ते π/6)
  = 8 ∫ (1 + cos 6θ) dθ
  = 8 [ θ + (sin 6θ)/6 ]
  = 8 · π/6 = 4π/3 ≈ 4.19
```

उत्तर पटण्यासारखं आहे का? पाकळीचा एक फार सुंदर गुणधर्म इथे उपयोगी पडतो. देठाच्या दोन कडा लांबवून, टोकापर्यंतची त्रिज्या घेऊन जी वर्तुळपाकळी होते, तिचं क्षेत्रफळ (1/2)·16·(π/3), म्हणजे 8π/3. आपली पाकळी बरोबर तिच्या निम्मी आहे. हे योगायोगाने घडलेलं नाही. त्या कोनपट्ट्यात cos² 3θ ची सरासरी १/२ येते, आणि n कितीही असला तरी तशीच येते. म्हणून r = a cos nθ किंवा r = a sin nθ च्या कुठल्याही पाकळीचं उत्तर तोंडी तपासता येतं: लांबीचा वर्ग गुणिले देठाचा कोन (रेडियनमध्ये) भागिले ४. इथे 16 × 1.047 ÷ 4, म्हणजे ४.१९. फोटोवरून मोजलेली लांबी आणि कोन यात घालून आलेली संख्या इंटिग्रेशनच्या उत्तराशी जुळली, तर लिमिट्स बरोबर आहेत.

पाकळीत नेमकं कुठे बिघडतं

सर्वांत नेहमीची चूक 330° ते 30° ही. फोटोत पाहिलं तर पाकळी ३३०° ला सुरू होते आणि ३०° ला संपते, यात खोटं काहीच नाही. पण 11π/6 ते π/6 असं इंटिग्रल लिहिलं की ते उलट्या दिशेने, लांबच्या वाटेने जातं. वाटेत पाकळीच्या रुंदीचे पाच पट्टे लागतात आणि उत्तर येतं -20π/3, म्हणजे जवळपास उणे २०.९४. अक्ष ओलांडणाऱ्या पाकळीसाठी खालची लिमिट ऋण कोनातच लिहा: -π/6. क्षेत्रफळ ऋण आलं तर चिन्ह पुसून पुढे जायचं नाही. ४.१९ च्या जागी २०.९४ लिहिलं जाईल.

दुसरी चूक संपूर्ण फुलाचं क्षेत्रफळ काढताना होते. तीन पाकळ्यांचं फूल 0 ते π मध्येच पूर्ण काढून होतं. π ते 2π मध्ये पेन्सिल त्याच पाकळ्यांवरून पुन्हा फिरते. 0 ते 2π लावलं तर 8π येतं, खरं उत्तर 4π आहे. चार पाकळ्यांच्या r = 4 cos 2θ ला मात्र 0 ते 2π लागतंच. हा फरक लक्षात ठेवण्यापेक्षा एका पाकळीचं क्षेत्रफळ काढून पाकळ्यांच्या संख्येने गुणावं. पाकळ्या फोटोत मोजता येतात, तिथे चूक व्हायला जागाच नाही.

तिसरी कॅल्क्युलेटरवरची. लिमिट्स म्हणून -30 आणि 30 भरल्या की डिग्री मोडमध्ये २४० येतं, रेडियन मोडमध्ये २३९ च्या आसपास. चार एकक लांबीच्या पाकळीत २४० चौरस एकक मावणार कुठे? मोड रेडियन आणि लिमिट्स π च्या रूपात, एवढं पाळलं की हे टळतं.

पाकळ्या मोजताना सहा निघाल्या तर जरा थांबा. n पूर्ण संख्या असताना r = a cos nθ ला सहा पाकळ्या कधीच येत नाहीत. n = 3 ला तीन, n = 6 ला बारा. सहा पाकळ्यांमागे बहुधा r² = a² cos 6θ असतो, आणि तिथे देठ फक्त ३०° उघडतो, लिमिट्स टोकाच्या दोन्ही बाजूंना π/12. शेजारच्या पाकळ्यांच्या देठांमध्ये मोकळी जागा दिसते, हीच त्याची ओळख. वर सांगितलेला तोंडी पडताळा या वक्राला लागू पडत नाही.

हृदय: खाचेवर ध्रुव, पूर्ण फेरी

दुसरा फोटो: वर खाच, खाली गोलसर बूड. खाचेवर ध्रुव. खाचेतून आडवी रेघ काढली तर ती वक्राला दोन्ही बाजूंना ३ एककांवर छेदते, आणि खाचेखाली सरळ ६ एककांवर बूड आहे. आडवं ३ आणि खाली ६, हे एकास दोन प्रमाण ही कार्डिऑइडची खूण: r = 3(1 - sin θ).

r = 0 फक्त θ = π/2 ला होतो, म्हणजे सरळ वर. पाकळीला असे दोन कोन मिळाले होते, इथे एकच. म्हणजे दुसरी लिमिट कुठली? ध्रुवावर उभे राहा. खाचेच्या दोन्ही कडा वरच्या दिशेला एकमेकींना चिकटलेल्या आहेत, त्या एका दिशेखेरीज सगळीकडे आकृतीच आहे. म्हणून π/2 पासून निघून पूर्ण फेरी मारून 5π/2 पर्यंत. फेरी पूर्ण असल्याने सुरुवात कुठूनही केली तरी चालते, म्हणून सोयीसाठी 0 ते 2π.

```
A = (1/2) ∫ 9 (1 - 2 sin θ + sin² θ) dθ      (0 ते 2π)
  = (9/2)(2π - 0 + π) = 27π/2 ≈ 42.41
```

पडताळा सोपा आहे: कार्डिऑइडचं क्षेत्रफळ a त्रिज्येच्या वर्तुळाच्या दीडपट असतं. ३ त्रिज्येचं वर्तुळ २८.२७, त्याची दीडपट ४२.४१.

इथली चूक सममितीची. "अर्धं काढून दुप्पट" ही सवय चांगली आहे, पण अर्धं म्हणजे 0 ते π असं धरलं की घात होतो. हे हृदय डावं-उजवं सारखं आहे, वरचं-खालचं नाही. 0 ते π मध्ये आडव्या रेघेच्या वर डोकावणारे दोन छोटे फुगवटेच येतात. त्यांचं क्षेत्रफळ जेमतेम ३.२१, दुप्पट केलं तर ६.४१. योग्य अर्धं म्हणजे उजवं अर्धं: -π/2 ते π/2. cos असलेल्या, आडव्या पडलेल्या हृदयाला मात्र 0 ते π बरोबर लागू पडतं. म्हणून दुप्पट करण्याआधी फोटोवर सममितीची रेघ खरोखर ओढा. ती रेघ ज्या दोन दिशांना जाते, त्याच तुमच्या लिमिट्स.

आतल्या फासाचं हृदय: इथे डोळे फसवतात

कधीकधी हृदयाच्या खाचेतून आत एक छोटा फास शिरलेला दिसतो. उदाहरण r = 1 + 2 cos θ. बाहेरचा वक्र उजवीकडे ३ पर्यंत जातो, आतला फास उजवीकडे १ पर्यंत. फासाचं क्षेत्रफळ हवं आहे.

फोटोत पट्टी लावली तर फासाचा देठ उणे ६०° ते ६०° उघडलेला दिसतो. पाकळीच्या अनुभवावरून आपण -π/3 ते π/3 लिहितो आणि ७.४७ मिळतं. एवढ्याशा, एक एकक लांबीच्या फासाला ७.४७? दोन आणि एकच्या चौकटीतही हे मावत नाही.

कारण असं की -π/3 ते π/3 या कोनांना r धन आहे आणि तिथे बाहेरचा वक्र काढला जातो. फास काढला जातो तो r ऋण असताना. θ = π ला r = -1, म्हणजे दिशा डावीकडची पण बिंदू उलटा, उजवीकडे १ वर. फोटोत दिसणारा कोन आणि समीकरणातला कोन यांच्यात इथे π चा फरक पडतो. म्हणून फासाच्या लिमिट्स फोटोवरून नाही, r = 0 सोडवून घ्यायच्या: cos θ = -1/2, म्हणजे θ = 2π/3 आणि 4π/3. फोटोतल्या -60° आणि 60° मध्ये १८०° मिळवले तरी हेच दोन कोन येतात, हा त्याचा पडताळा.

```
फास          (2π/3 ते 4π/3):   π - 3√3/2   ≈ 0.54
बाहेरचा वक्र (-2π/3 ते 2π/3):  2π + 3√3/2  ≈ 8.88
मधला भाग:                      π + 3√3     ≈ 8.34
```

या वक्राला 0 ते 2π लावलं तर 3π, म्हणजे ९.४२ येतं. ते ८.८८ आणि ०.५४ यांची बेरीज आहे. फास दोनदा मोजला गेला. त्यामुळे रेघोट्या नेमक्या कुठे मारल्या आहेत ते फोटोत नीट पाहा: फक्त फासात, फास सोडून, की दोन्हीत. दोन्हीत मारल्या असतील तर उत्तर ८.८८, आणि फास सोडून असतील तर ८.८८ वजा ०.५४. r चा वर्ग होत असल्याने सूत्र ऋण r बद्दल काहीच तक्रार करत नाही. ते काम आपल्यालाच करावं लागतं: लिमिट्सच्या मधला एक कोन समीकरणात घालून बिंदू कुठे पडतो ते बघायचं. तो रेघोट्यांच्या कडेवर पडला तरच त्या लिमिट्स घ्यायच्या.

हृदय टोकदार असेल तर

कार्डिऑइडचं बूड गोल असतं. फोटोतल्या हृदयाला खाली टोक असेल, तर त्याला r = a(1 - sin θ) चिकटवू नका. समीकरण दिलेलं नसेल तर मोजून काम करा. ध्रुव खाचेवर न घेता हृदयाच्या पोटात, सममितीच्या रेघेवर घ्या, म्हणजे प्रत्येक दिशेला एकच r मिळतो आणि लिमिट्सचा प्रश्न उरत नाही: उजवं अर्धं -90° ते 90°, मग दुप्पट.

समजा खालच्या टोकापासून वरच्या खाचेपर्यंत दर ३०° ला अंतरं सेंटिमीटरमध्ये अशी आली: ५.०, ४.१, ३.८, ३.९, ४.०, ३.६, २.४. प्रत्येकाचा वर्ग करा. पहिल्या आणि शेवटच्या वर्गाचं निम्मं घ्या, मधले पूर्ण घ्या, बेरीज ९०.८. तिला ३०° च्या रेडियनने, म्हणजे ०.५२३६ ने गुणलं की ४७.५. सूत्रातला अर्धा आणि दोन बाजूंचा २ एकमेकांना खातात, म्हणून हृदयाचं क्षेत्रफळ सुमारे ४७.५ चौरस सेंटिमीटर. हेच बिंदू सरळ रेघांनी जोडून त्रिकोणांची बेरीज केली तर ४४.८ येतात, म्हणजे ३०° ची पावलं जरा मोठीच आहेत. टोक आणि खाच यांच्याजवळ r झपाट्याने बदलतो, तिथे दर १०° ला मोजा, मग या दोन संख्या एकमेकींच्या जवळ येत जातात. आणि ही सेंटिमीटरं कागदावरची आहेत की पडद्यावरची, ते आधी ठरवा: आकृतीत आखलेलं एक एकक फोटोत k सेंटिमीटर भरत असेल, तर आलेल्या क्षेत्रफळाला k ने नाही, k² ने भागायचं.